चुकीच्या आकारणी वर्षात किंवा चुकीच्या प्रकारात आयकर भरला? चलान दुरुस्तीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान पॅनवर भरलेल्या आयकराबद्दल आहे: आगाऊ कर, स्वयंनिर्धारण कर, म्हणजे आपण सेल्फ असेसमेंट म्हणतो तो, आणि नोटिशीनंतर भरलेली डिमांड. टॅनवर भरलेला टीडीएस आणि घरखरेदीचा 26QB यांची दुरुस्ती वेगळ्या मार्गाने होते. 26QB साठी TRACES या टीडीएसच्या संकेतस्थळावर जावे लागते. त्यांचा विचार इथे केलेला नाही.

चलानात नेमके काय चुकते?

पैसे भरताना पोर्टल दोन गोष्टी विचारते. कोणत्या आकारणी वर्षासाठी भरताय आणि कोणत्या प्रकारात भरताय. चुका बहुतेक इथेच होतात.

वर्षाची चूक सर्वांत जास्त होते. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या काळात पैसे कमावले ते आर्थिक वर्ष २०२४-२५ आणि त्याची आकारणी होते ती २०२५-२६ मध्ये. फॉर्म १६ वर, बँकेच्या व्याजाच्या दाखल्यावर, भाडेकराराच्या हिशेबात सगळीकडे २०२४-२५ लिहिलेले असते. तेच डोक्यात घेऊन माणूस पोर्टलवर जातो आणि `Assessment Year` च्या रकान्यात २०२४-२५ निवडतो. पैसे एक वर्ष मागे जमा होतात.

प्रकाराला चलानाच्या भाषेत मायनर हेड म्हणतात. आपल्या कामाचे तीन आहेत: आगाऊ कर म्हणजे १००, स्वयंनिर्धारण कर म्हणजे ३०० आणि रेग्युलर असेसमेंट म्हणजे ४००. वर्ष संपण्याआधी, ३१ मार्चपर्यंत भरला तर १००. वर्ष संपल्यावर रिटर्न भरण्याआधी उरलेला कर भरला तर ३००. विभागाने हिशेब करून डिमांड काढली आणि ती भरली तर ४००.

मेजर हेड नावाचा तिसरा रकानाही आहे. ००२० कंपन्यांसाठी आणि ००२१ बाकी सगळ्यांसाठी. भागीदारी संस्था, एलएलपी, हिंदू अविभक्त कुटुंब हे सगळे ००२१ मध्येच येतात. इथली चूक क्वचित होते.

चूक झाली आहे की नाही हे कसे तपासायचे?

पोर्टलवर लॉगिन करा, `e-File` मधून `e-Pay Tax` उघडा आणि `Payment History` वर जा. तिथून चलानाची पावती उतरवून घ्या. पावतीवर आकारणी वर्ष, मेजर हेड, मायनर हेड, चलानाचा ओळख क्रमांक म्हणजे CIN, बँकेचा सात अंकी BSR कोड, पाच अंकी चलान क्रमांक आणि पैसे भरल्याची तारीख असते. पैसे भरले त्याच दिवशी ही पावती उघडून वर्ष आणि प्रकार वाचून घ्यावेत. दुरुस्तीची सोपी मुदत इतकी छोटी आहे की रिटर्न भरायला बसल्यावर चूक लक्षात आली तर बहुधा ती उलटून गेलेली असते.

अनेकजण अजून 26AS मध्ये शोधतात आणि चलान दिसत नाही म्हणून घाबरतात. आकारणी वर्ष २०२३-२४ पासून TRACES वरच्या 26AS मध्ये फक्त टीडीएस आणि टीसीएस दिसतो. तुम्ही स्वतः भरलेला कर AIS मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या वार्षिक माहिती पत्रकात, `Payment of Taxes` या भागात पाहायचा. AIS वर्षवार उघडते, म्हणून चलान बरोबर वर्षात सापडले नाही तर आधीच्या आणि पुढच्या वर्षाचे AIS उघडून पाहा. चुकलेले चलान तिथेच सापडते.

घरबसल्या दुरुस्ती करता येते का? मुदत किती?

येते. वर्ष चुकले असेल तर पैसे भरल्याच्या तारखेपासून ७ दिवसांत आणि मेजर किंवा मायनर हेड चुकले असेल तर ३० दिवसांत. सुट्ट्या धरूनच दिवस मोजा आणि शेवटच्या दिवसावर ढकलू नका. शुल्क काही नाही.

ही सोय आकारणी वर्ष २०२०-२१ पासूनच्या आणि १००, ३००, ४०० या तीनच प्रकारांतल्या चलानांना आहे. चलान न वापरलेले असावे लागते, म्हणजे कुठल्याही रिटर्नमध्ये त्याचे क्रेडिट विभागाने देऊन टाकलेले नसावे.

आणखी एक अट नीट लक्षात घ्या. एका चलानासाठी पोर्टलवर एकदाच विनंती करता येते. त्या विनंतीतही वर्ष, मेजर हेड, मायनर हेड यांपैकी एक निवडून पुढे जावे लागते. घाईत दुरुस्तीच चुकीची केली, किंवा वर्ष आणि प्रकार दोन्ही चुकले असतील, तर उरलेली दुरुस्ती आयकर अधिकाऱ्याकडूनच करून घ्यावी लागते. दोन्ही चुकले असतील तर आधी वर्ष दुरुस्त करा, कारण क्रेडिट अडते ते वर्षामुळे.

पोर्टलवर पायऱ्या कोणत्या?

लॉगिन केल्यावर वरच्या पट्टीत `Services` आणि त्यात `Challan Correction`. तिथे `Create Challan Correction Request` वर क्लिक करा. काय दुरुस्त करायचे आहे ते विचारले जाते. वर्ष चुकले असेल तर `Assessment Year` निवडा. पुढे चलान शोधायचे दोन मार्ग दिसतात: आकारणी वर्ष देऊन किंवा CIN टाकून.

इथे लोक हमखास अडखळतात. वर्ष देऊन शोधताना *चुकीचे* वर्ष द्यायचे असते, कारण चलान सध्या तिथे पडलेले आहे. बरोबर वर्ष टाकले तर यादी रिकामी दिसते आणि आपले पैसेच जमा झाले नाहीत असे वाटते. पावती हातात असेल तर सरळ CIN टाका, गोंधळ होत नाही.

चलान निवडल्यावर सध्याचे तपशील दिसतात आणि त्याखाली नवे वर्ष निवडायचे असते. आधार ओटीपी, ईव्हीसी किंवा डिजिटल सहीने पडताळणी केली की व्यवहार क्रमांक मिळतो. तो जपून ठेवा. पडताळणी अर्धवट सोडली तर विनंती गेलेलीच नसते. विनंतीचे पुढे काय झाले ते त्याच `Challan Correction` पानावर दिसते. मंजूर झाल्यावर चलानाची पावती पुन्हा उतरवून नवे वर्ष छापून आले आहे का ते वाचा आणि मगच रिटर्न भरा.

मुदत टळली. आता?

आता तुमच्या क्षेत्राच्या आकारणी अधिकाऱ्याकडे, म्हणजे ज्यांना सगळे एओ म्हणतात त्यांच्याकडे, अर्ज करायचा. तुमचा एओ कोण ते पोर्टलवर तुमच्या प्रोफाइलमध्ये `Jurisdiction Details` खाली दिसते. तुम्ही राहता तिथले जवळचे आयकर कार्यालय तुमचे असेलच असे नाही. नोकरीनिमित्त मुंबईला असताना पॅन काढले आणि आता कोल्हापूरला स्थायिक झालात, तर पॅन अजून मुंबईच्या वॉर्डात असू शकते. म्हणून अर्ज लिहिण्याआधी हे पाहून घ्या.

अर्ज छोटा आणि आकड्यांचा असावा. उदाहरणार्थ:

> विषय: चलानातील आकारणी वर्षाच्या दुरुस्तीबाबत
> पॅन: …
> BSR कोड … , चलान क्रमांक … , CIN … , भरणा दिनांक १२/०७/२०२५, रक्कम ₹ ४३,६२०
> चलानात नोंदलेले आकारणी वर्ष: २०२४-२५
> असायला हवे ते आकारणी वर्ष: २०२५-२६
> मेजर हेड ००२१ आणि मायनर हेड ३०० बरोबर आहेत, त्यात बदल नको.
> या चलानाचे क्रेडिट मी आकारणी वर्ष २०२४-२५ च्या रिटर्नमध्ये मागितलेले नाही.

शेवटचे वाक्य वगळू नका. चलान एका वर्षातून काढून दुसऱ्या वर्षात टाकण्याआधी अधिकाऱ्याला हीच खात्री करायची असते. सोबत चलानाची पावती, पॅनची प्रत आणि चुकीच्या वर्षाच्या रिटर्नमधले Schedule IT चे, म्हणजे भरलेल्या कराच्या चलानांचे, पान जोडा. रिटर्नची छाननी करून विभाग पाठवतो ती 143(1) ची सूचना त्या वर्षासाठी आली असेल तर तीही जोडा. संस्थेच्या नावाचे चलान असेल तर लेटरहेडवर अर्ज आणि सही करणाऱ्याचे अधिकारपत्र लागते. अर्ज आयकर सेवा केंद्राच्या खिडकीवर देऊन शिक्का मारलेली पोच घ्या. काही हालचाल झाली नाही तर त्या पोचेच्या आधारे पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. पोच नसली तर तक्रारीला आधार राहत नाही.

एखादे उदाहरण आकड्यांसकट द्याल का?

समजा, पुण्यातल्या एका नोकरदार बाईंना आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये पगाराशिवाय घरभाडे आणि मुदत ठेवींचे व्याज मिळाले. टीडीएस वजा जाता ₹ ४०,००० कर उरला. आगाऊ कर त्यांनी भरला नव्हता, म्हणून 234C चे ₹ २,०२० आणि 234B चे एप्रिल ते जुलै अशा चार महिन्यांचे दरमहा १ टक्क्याने ₹ १,६०० व्याज लागले. एकूण ₹ ४३,६२०. ते त्यांनी १२ जुलै २०२५ ला भरले, पण आकारणी वर्ष २०२४-२५ निवडले.

१९ जुलैच्या आत लक्षात आले असते तर काम दहा मिनिटांचे होते. समजा, आले नाही आणि २८ जुलैला त्यांनी २०२५-२६ च्या रिटर्नमध्ये चलानाचे तपशील भरून रिटर्न पाठवले. रिटर्नच्या रकान्यात BSR कोड, तारीख, चलान क्रमांक आणि रक्कम एवढेच विचारतात, वर्ष विचारत नाहीत. त्यामुळे रिटर्न बिनबोभाट जाते. अडते ते बंगळुरूच्या सीपीसीत, म्हणजे रिटर्नची छाननी होते त्या केंद्रात, कारण तिथे २०२५-२६ च्या नोंदीत ते चलान नसते.

रिटर्नची छाननी ऑक्टोबरमध्ये झाली तर 143(1) च्या सूचनेत चलानाचे क्रेडिट शून्य दिसेल. 234B चे व्याज आता एप्रिल ते ऑक्टोबर अशा सात महिन्यांचे, म्हणजे ₹ २,८०० धरले जाईल. ४०,००० अधिक २,८०० अधिक २,०२०, मिळून ₹ ४४,८२० ची डिमांड निघेल. ३० दिवसांत काहीच केले नाही तर तिच्यावर 220(2) खाली दरमहा १ टक्का व्याज सुरू होते.

आता तीन गोष्टी, याच क्रमाने. डिमांडला उत्तर द्यायचे: `Pending Actions` मध्ये `Response to Outstanding Demand`, तिथे असहमती नोंदवून चलानाचे तपशील आणि पावती जोडायची. त्याच आठवड्यात एओकडे वर दिलेला अर्ज. आणि चलान २०२५-२६ मध्ये आल्याचे AIS मध्ये दिसल्यानंतर `Services` मधल्या `Rectification` मध्ये जाऊन `Reprocess the return` निवडायचे.

चलान हलण्याआधी रेक्टिफिकेशन टाकण्याची घाई सगळ्यात महागात पडते. सीपीसी पुन्हा त्याच नोंदी पाहते, पुन्हा तीच डिमांड काढते आणि तुमचे महिने वाया जातात. चलान हलले की भरण्याची मूळ तारीख, १२ जुलै, तशीच राहते. म्हणून ऑगस्टपासूनचे वाढीव व्याजही पुन्हा छाननीत निघून जाते आणि बाकी शून्य होते. रेक्टिफिकेशनची मुदत ज्या आर्थिक वर्षात 143(1) ची सूचना निघाली ते संपल्यापासून चार वर्षे आहे, त्यामुळे एओकडे वेळ लागला तरी ही वाट बंद होत नाही.

त्यापेक्षा बरोबर वर्षात पुन्हा पैसे भरून टाकले तर?

सल्ला बरेचजण देतात आणि डिमांड त्याने मिटतेही. पण पहिले पैसे अडकतात, आणि ते कसे अडकतात हे आधी समजून घ्या. वरच्या उदाहरणात ₹ ४३,६२० आकारणी वर्ष २०२४-२५ मध्ये पडलेले आहेत. तिथून परतावा मागायचा तर त्या वर्षाच्या रिटर्नमध्ये मागावा लागेल, आणि त्या वर्षाचे सुधारित रिटर्न भरायची वाढवलेली मुदतही १५ जानेवारी २०२५ लाच संपली होती. अपडेटेड रिटर्न, म्हणजे ITR-U, परतावा मागायला वापरता येत नाही. म्हणजे शेवटी जायचे एओकडेच, फक्त आता खिशातून दुप्पट रक्कम गेलेली.

चूक पुढच्या वर्षाकडे झाली असेल तर गोष्ट वेगळी. २०२५-२६ ऐवजी २०२६-२७ निवडले तर ते पैसे पुढच्या वर्षीच्या रिटर्नमध्ये वापरता येतात. रक्कम थोडी असेल आणि पुढच्या वर्षी कर लागणारच असेल, तर बरोबर वर्षात पुन्हा भरून मोकळे होणे व्यवहाराला धरून आहे.

मार्चनंतर भरला पण १०० मध्ये भरला. रिटर्न अडकेल का?

सहसा नाही. रिटर्नमध्ये मायनर हेडचा रकाना नसतो. ३१ मार्चपर्यंतची तारीख असेल तर रिटर्न ती रक्कम आगाऊ कर म्हणून धरते, त्यानंतरची असेल तर स्वयंनिर्धारण कर म्हणून. व्याजही पैसे कधी भरले त्यावरच ठरते, त्यामुळे जूनमध्ये भरलेल्या पैशांवर १०० लिहिले म्हणून 234B किंवा 234C चुकत नाही. वर्ष बरोबर असेल तर १०० आणि ३०० च्या अदलाबदलीने झोप उडवून घेऊ नका. ३० दिवसांच्या आत असाल तर दुरुस्त करून टाका, एवढेच.

मग प्रकाराची कोणती चूक खरी त्रासाची?

४०० ची, आणि दोन्ही बाजूंनी. डिमांड आली आणि माणसाने नेहमीच्या सवयीने ३०० मध्ये पैसे भरले, तर पैसे त्याच वर्षात पडून राहतात पण डिमांड तशीच उभी दिसते. पुढच्या वर्षीच्या परताव्यातून ती वळती करण्याची सूचनाही येते. उलट, रिटर्न भरण्याआधीचा कर ४०० मध्ये गेला तर तो रिटर्नमधल्या दाव्याशी न जुळण्याचा धोका राहतो.

डिमांड भरताना `Income Tax` च्या चौकटीतून जाऊच नका. `e-Pay Tax` मध्ये `Demand Payment as Regular Assessment Tax (400)` अशी वेगळी चौकट आहे. तिथे डिमांडचा संदर्भ क्रमांक आधीच जोडलेला असतो आणि वर्ष निवडायची जबाबदारीही तुमच्यावर राहत नाही. ३०० मध्ये भरून झाले असेल तर ३० दिवसांत पोर्टलवर ४०० करून घ्या, नंतर एओ. तोवर डिमांडच्या उत्तरात चलानाचा तपशील देऊन ठेवा.

रिटर्नची शेवटची तारीख आली आणि दुरुस्ती अजून झाली नाही. थांबू का?

थांबू नका. चलानाचे खरे तपशील लिहून रिटर्न वेळेत भरा. उशीर झाला तर 234F चे ₹ ५,००० पर्यंत विलंब शुल्क लागते (एकूण उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर ₹ १,०००) आणि काही तोटे पुढे ओढण्याचा हक्कही जातो. डिमांड आली तर ती नंतर वरच्या मार्गाने मिटते, पण गेलेली तारीख परत येत नाही.

रक्कम किंवा पॅन चुकले तर?

ते या सोयीत बदलत नाही. रक्कम जास्त गेली आणि वर्ष बरोबर असेल तर दुरुस्तीची गरजच नाही. पूर्ण रक्कम रिटर्नमध्ये दाखवा, जादा पैसे परताव्यात येतात. पॅन चुकले, म्हणजे नवऱ्याच्या पॅनवर बायकोचा कर भरला, असे असेल तर एओकडे जावे लागते. ज्याच्या पॅनवर पैसे पडले त्याची लेखी संमती जोडून जा. घरातल्या एकाच लॉगिनवरून सगळ्यांचे कर भरणाऱ्यांकडून हे वारंवार होते.

१ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आला. आता वर्ष कसे निवडायचे?

इथे पुढची एक-दोन वर्षे खूप चुका होणार आहेत. आयकर कायदा, २०२५ लागू झाल्यापासून आकारणी वर्षाऐवजी 'कर वर्ष' आले आणि ते कमाईच्या वर्षालाच म्हणतात. पण त्याआधीच्या कमाईला १९६१ चा कायदा आणि आकारणी वर्षच लागू राहते. त्यामुळे जून-जुलै २०२६ मध्ये एकाच माणसाला दोन वेगळी वर्षे निवडावी लागतात आणि दोघांचे आकडे सारखेच असतात.

एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ च्या कमाईचा उरलेला कर भरायचा असेल तर आकारणी वर्ष २०२६-२७, प्रकार ३००. एप्रिल २०२६ पासूनच्या कमाईचा आगाऊ कर भरायचा असेल तर कर वर्ष २०२६-२७, प्रकार १००. नुसते २०२६-२७ वाचून पुढे जाऊ नका. शेजारी आकारणी वर्ष लिहिले आहे की कर वर्ष, तेही वाचा, आणि पैसे भरल्यावर पावतीवर पुन्हा तेच ताडून पाहा.